देणगी परत करायची आहे, पत्र कसं लिहावं?

पायवाट

मी आमच्या देवस्थानच्या विश्वस्त मंडळाचा सचिव आहे. मंडळात नऊ जण. सभामंडपाचं छप्पर गळतं आहे आणि ते बदलण्यासाठी आम्ही दोन वर्षं वर्गणी गोळा करतो आहोत. गेल्या महिन्यात आमच्यातल्याच एका ज्येष्ठ गृहस्थांचं (आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो) पत्र आलं, सोबत चेक. रक्कम एवढी की छपराचा निम्मा खर्च निघावा.

पत्रात दोन अटी आहेत. एक, सभामंडपाला त्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव कायमचं द्यावं आणि दर्शनी कमानीवर ते लिहावं. दुसरी, संध्याकाळची आरती दिवेलागणीला होते ती आठ वाजता करावी, आणि वडिलांच्या तिथीच्या आठवड्यात आरतीचा मान दरवर्षी त्यांच्याच घराला असावा. आमच्याकडे आरतीचा मान एकवीस घरांत पाळीने फिरतो. काकांचं घर त्या एकवीसमधलंच.

बैठकीत दोन्ही अटी नाकारायचं ठरलं. सात विरुद्ध दोन. आता पत्र मला लिहायचं आहे. काका रोज देवळात येतात, त्यांचे वडील तर देवस्थानचा आधारच होते. मला हा माणूस दुखवायचा नाही. मी केलेला मसुदा देतो, कसा वाटतो सांगा.

"आदरणीय काका, आपण दिलेल्या उदार देणगीबद्दल देवस्थान आपले शतशः ऋणी आहे. आपल्यासारखे दानशूर लाभणे हे आमचे भाग्य. तथापि सभामंडपास व्यक्तीचे नाव देण्याची प्रथा नसल्याने, आरतीची वेळ बदलल्यास इतर घरांची गैरसोय होणार असल्याने, तसेच अन्य भाविकांकडूनही अशा मागण्या येण्याची शक्यता असल्याने सध्या आपल्या अटी मान्य करणे शक्य होत नाही. तरी आपण अटींचा पुनर्विचार करून देणगी द्यावी ही नम्र विनंती. सदर निर्णय सर्वानुमते घेण्यात आला आहे."

निवांत

पत्र छान आहे, नम्र आहे. पाठवून द्या.

चंद्रमौळी

एवढी कारणं कशाला द्यायची? सरळ लिहा की ट्रस्टच्या घटनेत बसत नाही. नियम म्हटला की माणसाला राग येत नाही, कारण मग ते तुमच्या हातात नव्हतं असं होतं. आमच्या संस्थेत आम्ही नेहमी असंच करतो.

दगडफूल

चंद्रमौळी, हे अर्धंच बरोबर आहे. घटनेत तसं कलम खरोखर असेल तर जरूर लिहावं, त्याने मदत होते. पण कलम नसताना लिहिलं आणि काकांनी घटनेची प्रत मागितली, तर? रोज देवळात येणारा माणूस आहे, त्याला ती बघायला मिळणारच. मग नकाराचं दुःख मागे पडतं आणि "माझ्याशी खोटं बोलले" हे मनात राहतं. आणि कलम असलं तरी देणगीदार म्हणू शकतो, घटना दुरुस्त करून घ्या, वकिलाचा खर्च मी देतो. म्हणजे नकार होता तिथे आता एक काम उभं राहिलं.

पायवाट, घटनेत काही आहे का?

पायवाट

नावाबद्दल काही नाही. आरतीबद्दल "पूर्वापार रीतीने" एवढेच दोन शब्द आहेत.

अक्षरनोंद

मी बरीच वर्षं संस्थांचे हिशेब तपासले आहेत. पत्राआधी एक विचारतो: चेक कुठे आहे?

पायवाट

कोषाध्यक्षांच्या कपाटात. म्हणाले, निर्णय होईपर्यंत भरून ठेवू का, मुदत जायला नको. मी थांबवलं.

अक्षरनोंद

फार चांगलं केलंत. पत्रासोबत आलेला चेक भरला, की त्यांना उद्या म्हणता येतं, पैसे घेतले म्हणजे अटी मान्य केल्या. नुसती पावती फाडली तरी तोच घोळ, कारण पावतीवर "सभामंडपाकरिता" असं लिहिलं जातं आणि पत्र तिला जोडलेलंच असतं. पैसे खात्यात थेट आले असते, तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवावे लागले असते, पावती न करता, आणि रोखीने तर मुळीच नाही.

परत द्यायचा तर मूळ चेकच द्या आणि "हा बँकेत भरलेला नाही" असं पत्रात लिहा. झेरॉक्स फाइलला ठेवा. ठरावाच्या इतिवृत्तात त्यांच्या पत्राची तारीख, दोन्ही अटी त्यांच्याच शब्दांत आणि मतांचे आकडे नोंदवा. पाच वर्षांनी नवं मंडळ येईल तेव्हा "तुम्ही आमचे पैसे नाकारले होते" एवढंच लोकांच्या लक्षात असेल, अटी कोणाला आठवणार नाहीत.

कोरांटी

मी देणगीदाराच्या बाजूने बोलते, कारण आमच्या घरात हे घडलं आहे. माझ्या आईच्या नावाने आम्ही एका संस्थेला देणगी देऊ केली होती. एका खोलीला तिचं नाव द्यावं अशी इच्छा होती. नकाराचं पत्र आलं ते पायवाट यांच्या मसुद्यासारखंच होतं. पहिल्या दोन ओळी वाचून मी भावाला फोन केला की त्यांनी हो म्हटलं आहे. तिसऱ्या ओळीला कळलं की नाही म्हटलं आहे. तो अर्धा मिनिट मी अजून विसरलेले नाही.

आणि "अन्य भाविकांकडूनही अशा मागण्या येतील" हे वाक्य आम्हालाही आलं होतं, शब्द वेगळे. आम्ही आईसाठी काही करू पाहत होतो आणि पत्राने आम्हाला मागण्या घेऊन येणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. नकार पचला, ते वाक्य पचलं नाही.

दगडफूल

कोरांटी यांचं म्हणणं सोन्यासारखं आहे. मसुद्याची अडचण उद्धटपणाची नाही, नम्रतेच्या जागेची आहे. "शतशः ऋणी" हे स्वीकाराचे शब्द आहेत. ऋण घेतलंच नाही तर ऋणी कसे? नकार पहिल्या दोन वाक्यांत यायला हवा आणि जिव्हाळा त्याच्या नंतर. तेव्हा तो खरा वाटतो, कारण तो काही मागत नसतो.

दुसरं म्हणजे तुमची तीन कारणं. काकांच्या जागी बसून वाचा. प्रथा नाही? प्रथा कधीतरी सुरू होतेच. इतर घरांची गैरसोय? मी एकवीस घरांना विचारून सह्या आणतो. इतर लोक मागतील? मग फक्त एकदाच करा, ठराव करा की यापुढे नाही. प्रत्येक कारणाला उत्तर आहे, आणि ज्याच्या सगळ्या कारणांना उत्तर मिळालं त्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. वर "सध्या" हा शब्द आहे आणि शेवटी पुनर्विचाराची विनंती. ही तर वाटाघाटीची सुरुवात झाली. काका एक अट मागे घेऊन परत येतील, आणि तेव्हा नाही म्हणणं आजच्या दुप्पट जड जाईल.

घंटानाद

एकवीस घरांची पाळी भांडण न होता सांभाळणारा सचिव एक पत्र नक्की लिहील. काळजी करू नका :)

रानजाई

मला वाटतं दोन अटी एकाच मापाने मोजू नयेत. नाव लावण्यात एवढं काय वाईट आहे? कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहात जा, खांबांवर, भिंतींवर दात्यांची नावं कोरलेली आहेत. कोणी धेनुकाकटचा यवन, कोणी वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल. दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांना नाव राहावं असं वाटत होतं आणि भिक्षुसंघाने ते कोरू दिलं. आपण काकांनाच का अडवायचं?

दगडफूल

रानजाई, उदाहरण उत्तम आहे, पण नीट पाहा, ते काय सांगतं? त्या लेखांत दानाची नोंद आहे. हा खांब अमक्याचं दान. चैत्यगृहाला भूतपालाचं नाव नाही, ते कार्ल्याचंच लेणं राहिलं. दानाची नोंद करणं वेगळं आणि सगळ्यांच्या जागेचं नाव बदलणं वेगळं. बैठकीत या दोन गोष्टी कोणी वेगळ्या केल्या होत्या का?

पायवाट

नाही. "नाव नको" एवढंच ठरलं. विरोधातल्या दोघांचं म्हणणं बहुधा हेच असणार, पण ते असं मांडलं गेलं नाही.

रानजाई

मग काकांना तेच सुचवा की. कमान नको, खांबावर एक ओळ.

अक्षरनोंद

सुचवावं, पण नकाराच्या पत्रात नाही. त्याच कागदावर दुसरा पर्याय दिला की वाचणाऱ्याला वाटतं, पैसे सोडवत नाहीत म्हणून भाव करताहेत. आणि खांबावर एक ओळ द्यायची तर ती सगळ्यांसाठी द्यावी लागेल. आधी मंडळाने सर्वांना लागू असा नियम करावा: छपराला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाचं नाव एका फलकावर, एकाच आकाराच्या अक्षरांत, रकमेशिवाय. तो नियम जाहीर झाला की काका आपण होऊन यायचे तर येतील.

पाणवठा

आमच्याकडे देणगीदारांची नावं पायऱ्यांवर आहेत. हाही मार्ग चांगला आहे. प्रत्येक पायरीला एक नाव, भांडण नाही.

सांजवेळ

पाणवठा, पायरीचं मात्र विचारून करा. पंढरपूरला नामदेवांची पायरी आहे, भक्तांचे पाय लागावेत ही त्यांचीच इच्छा, म्हणून ती पायरी थोर. पण माझ्या आजोबांचं नाव असं पायरीवर घातलं तेव्हा आजी त्या देवळात पुन्हा त्या बाजूने चढली नाही. नवऱ्याच्या नावावर पाय कसा देऊ, म्हणायची. शेवटी तो दगड काढून भिंतीत बसवला.

पाणवठा

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या विश्वस्तांना सांगतो.

चंद्रमौळी

मी अजून एक व्यवहाराचं सांगतो, पटत असेल तर बघा. छप्पर गळतंय. आज पैसे घ्या, अटींना "विचार करू" म्हणा, काम होऊन जाऊ द्या. पुढे वर्षभरात कोण काय लक्षात ठेवतो?

अक्षरनोंद

ज्याने पैसे दिले तो लक्षात ठेवतो.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाची गोष्ट सांगतो. 1991 साली एका माजी विद्यार्थ्याने पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमासाठी 2 कोटी डॉलर दिले. विद्यापीठाने घेतले. अभ्यासक्रम काही सुरू होईना, तेव्हा त्याने शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या निवडीला आपली संमती हवी असं म्हटलं. ते विद्यापीठाला मान्य नव्हतं. 1995 मध्ये सगळी रक्कम परत करावी लागली, आणि तीही साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत. एवढ्या मोठ्या संस्थेला पैसे परत देता आले. तुमचे छपरात गेलेले पैसे पायवाट कुठून परत देणार?

चंद्रमौळी

हं. छपरात गेलेले परत निघत नाहीत हे खरं. मागे घेतो.

माळरान

वाचनालयाचा अनुभव सांगतो, विषय थोडा वेगळा आहे पण "कायमचं" या शब्दासाठी. आमच्या वाचनालयात अभ्यासिकेला एका कुटुंबाचं नाव कायमचं दिलं. ठरावात हाच शब्द. पंधरा वर्षांनी इमारत मोडकळीला आली, अभ्यासिका पाडून मोठी करायची होती. घरच्यांनी हरकत घेतली. म्हणाले, नाव आमच्या आजोबांचं आहे, आम्हाला विचारल्याशिवाय भिंतीला हात लावू नका. त्यांचीही चूक नव्हती, शब्द आम्हीच दिला होता. तीन वर्षं काम अडलं. शेवटी नव्या खोलीलाही तेच नाव दिलं, आणि नव्या खोलीला ज्यांनी पैसे दिले त्यांना काहीच देता आलं नाही.

अक्षरनोंद

माळरान, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला याची रोख किंमत मोजावी लागली. 1973 साली एव्हरी फिशर यांनी सुमारे 1 कोटी 5 लाख डॉलर दिले म्हणून सभागृहाला त्यांचं नाव कायमचं दिलं. पुढे सभागृह नव्याने बांधायचं तर नवा देणगीदार हवा, आणि नवा देणगीदार नावाशिवाय मिळेना. 2014 मध्ये फिशर कुटुंबाने नावाचा हक्क सोडावा म्हणून संस्थेने त्यांना दीड कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. मिळाले त्याहून जास्त. दुसऱ्या वर्षीपासून तिथे डेव्हिड गेफेन यांचं नाव आहे.

छपराचं आयुष्य तीसचाळीस वर्षं. कमानीवरचं नाव कायमचं. पुढचं छप्पर बदलायला पैसे देणाऱ्याला मंडळ काय देणार?

सांजवेळ

माझा प्रश्न आरतीबद्दल आहे. पायवाट, पुजाऱ्यांना विचारलंत का? आणि बाकीच्या वीस घरांना?

पायवाट

नाही विचारलं. मंडळाने परस्पर ठरवलं. तुमचा प्रश्न वाचून काल गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, "नाही म्हणालात ते बरोबरच, पण हो म्हणाला असतात तरी ते तुमच्या हातात कुठे होतं? पाळी घरांची आहे. मंडळ फक्त यादी ठेवतं."

सांजवेळ

हेच. तुमच्या मसुद्यात "घरांची गैरसोय" आहे, जणू प्रश्न सोयीचा आहे. गुरुजी म्हणतात ते वेगळं आहे. तिथीच्या आठवड्याचा मान काकांना द्यायचा म्हणजे त्या आठवड्यात ज्या घराची पाळी येईल त्याच्याकडून तो काढून घ्यायचा. जे आपलं नाही ते मंडळ देणगीच्या बदल्यात देऊ शकत नाही. हे काकांना दुसऱ्या कोणापेक्षा जास्त पटेल, कारण त्यांचं घरही पाळीचं आहे. उद्या त्यांची पाळी कोणी विकत मागितली तर ते देतील का? अर्थात हा प्रश्न त्यांना विचारायचा नाही, पत्रात तर नाहीच.

कोरांटी

आठ वाजताचं मात्र मला वेगळं वाटतं. दिवेलागणीला नोकरी करणारी माणसं पोचत नाहीत. काकांची मुलं-सुना कामावर असतील तर त्यांना आरती कधी मिळतच नसेल. अट म्हणून चूक, पण सूचना म्हणून ती रास्त असू शकते.

दगडफूल

असू शकते. पण ती या पैशाच्या सावलीतून बाहेर आल्यावर बघावी. आधी चेक परत जाऊ दे, काही महिने जाऊ देत, मग गुरुजी आणि एकवीस घरं बसून ठरवतील.

सांजवेळ

इथे मी साशंक आहे. नंतर वेळ खरंच बदलली तर काका म्हणतील, माझे पैसे नको होते, माझं म्हणणं चाललं. आणि वेळ कधीच बदलली नाही, तर एका चांगल्या सूचनेचा बळी गेला तो केवळ ती चेकसोबत आली म्हणून. मला दोन्ही बरोबर वाटत नाही.

घंटानाद

आमच्याकडे दोन आरत्या आहेत, एक दिवेलागणीला आणि एक निजायच्या आधी. दुसरी नंतर सुरू झाली, पहिलीला हात न लावता.

सांजवेळ

हे बरं आहे. पण तेही आत्ता नको.

हिरवळ

धागा पूर्ण वाचला नाही. आमच्या सोसायटीच्या बागेला नाव द्यायचं होतं तर आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. तुम्हीही टाका.

निवांत

हिरवळ, इथे नाव निवडायचं नाहीये, नाव देणाऱ्याला नाही म्हणायचं आहे.

हिरवळ

ओह! मग चिठ्ठ्या नकोत.

टाकसाळ

एक गोष्ट कोणी बोललं नाही. पत्र हा नकार नसावा. नकार घरी जाऊन तोंडाने द्यावा आणि पत्र त्याची नोंद असावी. मी एका मोठ्या संस्थेसाठी वीस वर्षं देणग्या मागत हिंडलो आहे, नकारही पुष्कळ दिले. जिथे नुसतं पत्र गेलं तिथे ते पत्र देणगीदाराने दहा जणांना दाखवलं. जिथे आधी भेटलो तिथे पत्र फाइलमध्ये गेलं.

दोघांनी जावं, अध्यक्ष आणि काकांच्या वडिलांना ओळखणारा एखादा जुना माणूस. विरोधात मत दिलेल्या दोघांपैकी एक आला तर उत्तम. देवळात बोलू नका, तिथे चार लोक ऐकतात. चेक खिशात हवा, पण पहिल्यांदा बाहेर काढायचा नाही. पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायचं, चहा येईपर्यंत लांबवलं की सांगणं होत नाही. ते बोलतील, रागावतील, त्यांना बोलू द्यावं. कारण विचारलं तर एकच सांगावं आणि तेच पुन्हा सांगावं. नवं कारण जोडलं की वाद सुरू.

आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पत्र टाकू नका. आमच्याकडे एकदा मसुदा ग्रुपवर फिरला आणि देणगीदाराच्या जावयाकडे आमच्या भेटीआधी पोचला. त्यानंतर आमच्या भेटीला काही अर्थच उरला नाही.

शेवटी "सर्वानुमते" काढा. सात-दोन झालं आहे. ते दोघे काकांना कधीतरी सांगणारच. आकडेही लिहू नका, "मंडळाने ठरवले" पुरे.

पायवाट

या रविवारी गेलो होतो. अध्यक्ष, मी, आणि विरोधात मत दिलेले एक विश्वस्त. टाकसाळ यांनी सांगितलं तसं अध्यक्षांनी बसल्या बसल्या सांगितलं, "काका, मंडळाला देणगी घेता येत नाही. मंडपाचं नाव आणि आरतीचा मान या दोन गोष्टी पैशाशी जोडायच्या नाहीत असं ठरलं." काका गप्प झाले. मग म्हणाले, "बाबांचं नाव जड झालं का?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. विरोधातले विश्वस्त तेव्हा बोलले. काकांचे वडील पालखीपुढे दिवटी धरून चालायचे, पावसात दिवटी विझू नये म्हणून स्वतःचं उपरणं तिच्यावर धरायचे, ती आठवण त्यांनी सांगितली. काकांना ती माहीत नव्हती. त्यानंतर बोलणं वेगळं झालं.

चेक त्यांनी घेतला. आज पत्र जाईल. सही अध्यक्षांची. तुम्हा सगळ्यांच्या बोलण्यातून हे झालं:

"आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. रविवारी आपल्या घरी बोलणे झाले, त्याला धरून हे पत्र.

सभामंडपाच्या छपरासाठी आपण देऊ केलेली देणगी देवस्थानला स्वीकारता येत नाही. सभामंडपाचे नाव, आरतीची वेळ आणि पाळीचा मान या गोष्टी कोणत्याही देणगीशी जोडायच्या नाहीत, असे मंडळाने ठरवले आहे. आपला चेक भेटीत आपल्याला परत दिला. तो बँकेत भरलेला नव्हता.

आपल्या वडिलांनी पालखीपुढे धरलेली दिवटी आमच्यातल्या अनेकांना अजून दिसते. त्यांच्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून त्या लिहून घ्यायचे काम मंडळ हाती घेणार आहे. आपण त्यात सांगितलेत तर आम्हाला आनंद होईल.

आपल्या घरची पाळी यंदा नेहमीच्या क्रमाने आहे. गुरुजी दिवस कळवतील.

आपला,
अध्यक्ष"

दगडफूल

पहिलं आणि हे पत्र शेजारी ठेवून वाचलं. यात एकही विशेषण काकांच्या उदारपणाबद्दल नाही, तरी हे जास्त आदराचं आहे. "लिहून घेणार आहे" हे मात्र खरंच करा. नुसतं गोड वाटावं म्हणून लिहिलं असेल तर आत्ताच काढा.

पायवाट

करणार आहोत. त्या विश्वस्तांनी वही आणलीसुद्धा.

कोरांटी

आम्हाला असं पत्र आलं असतं तर मी त्या संस्थेत आजही गेले असते. पाळीची ओळ फार आवडली. तुमचं घर आमच्यातच आहे, हे न म्हणता त्यात आलं.

टाकसाळ

आता वर्षभर त्यांच्याकडे वर्गणी मागायला कोणी जाऊ नका, चुकूनही नाही. छपराची पावतीपुस्तकं जी मुलं घरोघर नेतात त्यांना आजच सांगा, नाहीतर पुढच्या रविवारी कोणीतरी त्यांचंच दार वाजवेल. राग गेला का हे बोलण्यावरून कळत नाही. पाळीच्या दिवशी घरातलं कोण येतं ते पाहा. काका स्वतः आले तर ठीक आहे. फक्त मुलाला पाठवलं तर अजून वेळ लागेल.

पायवाट

मुलांचं लक्षातच नव्हतं. एका मुलाकडे त्यांच्या गल्लीचं पुस्तक आहे, आत्ता फोन करतो.

रानजाई

आणि फलकाचा नियम? सगळ्यांची नावं एकाच आकारात, तो करणार का?

पायवाट

पुढच्या बैठकीत ठेवतो. एक अडचण आत्ताच पुढे आली आहे. कोषाध्यक्ष म्हणतात, आत्तापर्यंत ज्यांनी वर्गणी दिली त्यांतल्या निम्म्यांनी पावतीवर "एक भक्त" असंच लिहून घेतलं आहे. त्यांची नावं फलकावर घालायची की नाही?

अक्षरनोंद

ज्यांनी नाव दिलं नाही त्यांचं नाव शोधू नका. फलकावर "एक भक्त" असंच लिहा, जितक्यांदा असेल तितक्यांदा, त्याच आकारात.